ए हिमोग्लोबिन कुणाचं? रक्त चढवलेल्या मुलीचा एचपीएलसी रिपोर्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सहा वर्षांची मुलगी. वजन १५ किलो. पावसाळ्यात ताप आला, हातपाय दुखू लागले, डोळे पिवळे दिसू लागले, म्हणून घरच्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. प्लीहा बरगडीखाली चार बोटं लागत होती, हिमोग्लोबिन ५.८ होतं. सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी पॉझिटिव्ह आली. आईची पॉझिटिव्ह, वडिलांची निगेटिव्ह. त्यावरून घरच्यांना सांगण्यात आलं की आईबाप दोघंही वाहक असले तरच लेकराला सिकलसेलचा आजार होतो, वडिलांमध्ये काही नाही, म्हणून मुलगी फक्त वाहक आहे. तीन आठवड्यांनी गावात सिकलसेल शिबिर लागलं, तिथे एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीसाठी, नमुना घेतला गेला.

नुसत्या वाहक असण्यानं हिमोग्लोबिन ५.८ होत नाही आणि प्लीहाही एवढी वाढत नाही. पण ही शंका कागदावर कुणी लिहिली नव्हती. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर नाव, वय, गाव आणि 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' एवढंच होतं. 'मागील तीन महिन्यांत रक्त दिले का' हा रकाना कोरा होता.

ए० हे मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, एफ बाळपणाचं, एस सिकलचं, ए२ एरवी थोडंच असणारं, आणि पी२, पी३ हे ए चेच बदललेले अंश. यंत्रातून आलेले आकडे असे होते: एफ १५.६ टक्के, पी२ १.६, पी३ २.१, ए० २४.८, ए२ ४.३, एस ५१.०. सोबतचा सीबीसी: हिमोग्लोबिन ७.४, तांबड्या पेशी ३०.५ लाख, पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ७३, एमसीएच २४.३, आरडीडब्ल्यू २४.

टक्केवारी वाचण्याआधी आलेख विश्वासार्ह आहे का ते पाहायचं. यंत्राच्या बीटा थॅलेसेमिया शॉर्ट प्रोग्रॅमवर आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ साधारण १० ते ३० लाख असावं लागतं. इतक्या कमी हिमोग्लोबिनच्या नमुन्यात ते अनेकदा खाली घसरतं, मग ए२ सारख्या लहान शिखराचा आकडा भरवशाचा राहत नाही आणि नमुना कमी पातळ करून पुन्हा चालवावा लागतो. इथे क्षेत्रफळ पुरेसं होतं. पी३ वाढलेला नव्हता, म्हणजे रक्त शिळं किंवा उन्हात तापलेलं नव्हतं. विदर्भात हे दर वेळी पाहावंच लागतं. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त २ ते ८ अंशांत आठवडाभर टिकतं, पण मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलं तर पी३ फुगतो आणि ए० तेवढा कमी होतो. शेवटचं शिखर ४.४३ मिनिटांनी आलं होतं. एसची खिडकी, म्हणजे बाहेर पडण्याची वेळ, ४.३० ते ४.७० आणि डीची ३.९० ते ४.३० मिनिटं, तेव्हा ते एसच होतं. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह असल्यानं त्याला दुजोराही मिळत होता, कारण डी हिमोग्लोबिनची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते.

एस स्तंभातून ए नंतर बाहेर का पडतं, हे कळलं की पुढचे घोटाळेही समजतात. बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि एक ऋण भार जातो. एका हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋण भार कमी. एचपीएलसीच्या स्तंभातलं ऋणभारित रेझिन असं हिमोग्लोबिन जास्त वेळ धरून ठेवतं, म्हणून एस उशिरा येतं. सेल्युलोज ॲसिटेट इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, पीएच ८.५ ला, सगळीच हिमोग्लोबिनं धनाग्राकडे पळतात आणि एस ए च्या मागे पडतं. दोन्ही पद्धती भारच मोजतात. त्यामुळे भार बदलला की जागा बदलते, मग तो जन्मजात बदललेला असो वा रक्तातली साखर चिकटल्यानं. हा शेवटचा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

या आकड्यांवरून लॅबमध्ये पहिला मसुदा तयार झाला: 'सिकल बीटा प्लस थॅलेसेमिया'. ए आहे पण एसपेक्षा कमी, पेशी लहान, ए२ वाढलेला. पाठ्यपुस्तकातलं चित्र तंतोतंत जुळतं. तरीही असा रिपोर्ट त्या दिवशी बाहेर जाऊ देणं चूक ठरलं असतं.

वाहक असण्याची शक्यता मात्र तिथेच निकालात निघते. एकीकडून ए आणि एकीकडून एस मिळालेल्या एएस वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतो. एस साधारण ३५ ते ४० टक्के, आणि लोह कमी असेल किंवा अल्फा थॅलेसेमिया सोबत असेल तर त्याहूनही कमी. वाहकाला रक्त चढवलं तर एस आणखी खाली जाईल, ५१ वर जाणार नाही. उलटी गंमत मात्र विदर्भात घडू शकते: रक्तदाताच वाहक असेल तर ज्याच्या अंगात एस नाही अशा रुग्णाच्या आलेखावर थोडा एस उगवतो. या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. ५१ टक्के एस एका पिशवीतून येत नाही.

मग उरल्या तीन शक्यता: एसएस, म्हणजे दोन्हीकडून एस; सिकल बीटा शून्य, म्हणजे एकीकडून एस आणि दुसरीकडून बीटा साखळी मुळीच न बनवणारं जनुक; सिकल बीटा प्लस, म्हणजे ते दुसरं जनुक थोडी बीटा साखळी बनवणारं. पहिल्या दोहोंत स्वतःचा ए तयारच होत नाही. म्हणून सगळा प्रश्न त्या २४.८ टक्क्यांवर येऊन थांबला: हा ए मुलीचा, की दुसऱ्या कुणाचा?

आशाताईंना फोन करून विचारायला सांगितलं. "रक्त चढवलं होतं का?" यावर आईचं उत्तर आलं, "बाटली लावली होती नं." सलाईनलाही बाटलीच म्हणतात, त्यामुळे या उत्तरातून काहीच कळत नाही. नीट विचारायचं तर असं: "लाल पिशवी लावली होती का? त्याआधी हातातून रक्त काढून ग्रुप पाहिला होता का?" दुसऱ्यांदा असं विचारल्यावर आजीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर नोंद होती: पॅक्ड सेल १५० मिली, नमुन्याच्या २१ दिवस आधी, उपजिल्हा रुग्णालयात.

आता हिशोब मांडता येतो. पॅक्ड सेलमध्ये १०० मिलीला साधारण २० ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं तर १५० मिलीत ३० ग्रॅम. मुलाच्या अंगात किलोमागे ७५ मिली रक्त धरलं तर १५ किलोला सुमारे ११२५ मिली. म्हणजे पिशवीनं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे २.७ ग्रॅमनं वाढवलं. दात्याच्या पेशी १२० दिवस जगतात आणि पिशवीत सगळ्या वयांच्या पेशी असतात, म्हणून २१ दिवसांत जवळपास सहावा हिस्सा संपतो आणि २.२ ग्रॅम उरतं. सध्याच्या ७.४ पैकी २.२, म्हणजे ३० टक्के. आलेखात ए०, पी२ आणि पी३ मिळून होतात २८.५. दात्याच्या रक्तातला थोडा ए२ त्यात धरला तर बेरीज २९ च्या पुढे जाते.

आकडे इतके जुळतात की सगळा ए पिशवीतला असावा असा दाट संशय येतो. मुलीचा स्वतःचा ए २० टक्के असता, तर तिच्या उरलेल्या ७० टक्के रक्तातून आणखी १४ टक्के ए आला असता आणि एकूण ए चाळीसच्या वर गेला असता. अर्थात वजन, पिशवीतलं हिमोग्लोबिन आणि पेशींचं आयुष्य या तिन्ही गोष्टी अंदाजाच्या. थोडासा ए, समजा तीन-चार टक्के, या हिशोबातून निसटू शकतो. हा हिशोब लॅबमधल्या माणसानं मनाशी करायचा. रिपोर्टवर निदान म्हणून लिहायचा नाही. त्या दिवशी रिपोर्ट असा गेला: 'एसचं प्रमाण ए पेक्षा जास्त. २१ दिवसांपूर्वी रक्त दिल्याची नोंद. वाहक नाही. निश्चित प्रकार सांगण्यासाठी आईवडिलांची सीबीसी व एचपीएलसी करावी. मुलीचा नमुना शेवटच्या रक्तानंतर चार महिन्यांनी पुन्हा पाठवावा.'

ए बाजूला ठेवला तरी एमसीव्ही ७३ आणि ए२ ४.३ थॅलेसेमियाकडे बोट दाखवतात, असं कुणी म्हणेल. एमसीव्हीबद्दल ते अर्धंच खरं. दात्याच्या ८८-९० च्या पेशी मिसळलेल्या असतानाही सरासरी ७३ आली, म्हणजे मुलीच्या स्वतःच्या पेशी त्याहून लहान आहेत. पण अल्फा थॅलेसेमिया सोबत असलेल्या एसएस मुलातही पेशी लहानच असतात. ए२ चा आकडा तर इथे फसवाच. एस हिमोग्लोबिनचेच बदललेले काही अंश एचपीएलसीत नेमके ए२ च्या खिडकीत उतरतात, म्हणून एस असलेल्या प्रत्येक नमुन्यात ए२ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. साध्या एएस वाहकातही तो ३.५ च्या पुढे दिसू शकतो. त्यात अल्फा थॅलेसेमियासह एसएस असेल तर ए२ खरोखरच थोडा वाढतो. लहान पेशी, वाढलेला ए२ आणि शून्य ए असं हुबेहूब सिकल बीटा शून्यचं चित्र मग एसएसमध्ये दिसतं. एफचीही मदत नाही. मध्य भारतात सिकलचं जनुक बहुतेक अरब-भारतीय हॅप्लोटाइप या जनुकीय बदलांच्या ठरावीक संचावर असतं आणि त्यासोबत एसएस मुलांतही एफ १५ ते २५ टक्के राहतो. म्हणून ही गुंतागुंत मुलीच्या एकटीच्या नमुन्यावरून सुटत नाही, आईवडिलांचं रक्त लागतंच.

वडील आधी यायला तयार नव्हते. सिकल निगेटिव्हचा कागद त्यांच्याकडे होता, आणि सोयाबीनची काढणी चालू होती. शेवटी आशाताईंनी आठवडी बाजाराच्या दिवशी दोघांचे नमुने घेतले.

वडिलांचं हिमोग्लोबिन १२.६, म्हणजे जेमतेम कमी. पण तांबड्या पेशी ६१ लाख, एमसीव्ही ६५, एमसीएच २०.७. पेशी एवढ्या लहान आणि तरी संख्येनं एवढ्या जास्त, हे लोहाच्या कमतरतेत सहसा दिसत नाही. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येनं भागलं, ६५ भागिले ६.१, तर १०.७ येतात. १३ च्या खाली आकडा आला की थॅलेसेमिया वाहकाचा विचार करायचा. एचपीएलसीत एस नाही, एफ १.१, ए२ ५.३. यांच्या नमुन्यात एस नसल्यानं ए२ चा हा आकडा खरा आहे. बीटा थॅलेसेमिया वाहक, शंकेला जागा नाही.

सोल्युबिलिटीनं हे पकडलं नाही, कारण ती तपासणी त्यासाठी नाहीच. डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, घट्ट फॉस्फेट द्रावणात एस हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि नळी गढूळ होते. २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा; रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. एस आहे की नाही, एवढंच ती सांगते. वाहक आणि रुग्ण यांत तिला फरक कळत नाही, थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. रक्त फार कमी असेल तर ती खोटी निगेटिव्हही येते, तेव्हा रक्त दुप्पट घालून किंवा प्लाझ्मा काढून पुन्हा करावी लागते. डायथायोनाइट दमट हवेत मरतं, म्हणून प्रत्येक खेपेला माहितीचा एक एएस आणि एक नॉर्मल नमुना सोबत लावला नाही, तर त्या दिवशीचे सगळे निगेटिव्ह संशयास्पद समजायचे. वडिलांची तपासणी मात्र बरोबर होती. चुकलं ते तिचं वाचन. 'एस नाही' याचा अर्थ 'हिमोग्लोबिनचा कुठलाच दोष नाही' असा घेतला गेला.

आईचे आकडे वेगळ्याच तऱ्हेनं अडवणारे निघाले. हिमोग्लोबिन ९.८, पेशी ४३ लाख, एमसीव्ही ७१. एचपीएलसीत ए जास्त, एस फक्त २८.५, ए२ ३.४. ए एसपेक्षा जास्त, म्हणजे एएस वाहक. पण एस एवढा कमी का? दोन कारणं संभवतात, लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया. दोन्हींत ए च्या बीटा साखळ्या अल्फा साखळ्यांना आधी गाठतात आणि एस मागे राहतो. साठलेलं लोह दाखवणारं फेरीटिन ८ आलं. तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्यावर एमसीव्ही ८२ आणि एस ३५.८ झाला. लोहच कमी होतं आणि अल्फा थॅलेसेमियाचा मुद्दा जवळजवळ गळून पडला. वडिलांना मात्र फेरीटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नये असं कळवलं. लहान पेशी दिसल्या की लाल गोळ्या लिहून द्यायच्या ही सवय थॅलेसेमिया वाहकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं निरुपयोगी लोह आणते.

आईकडून एस, वडिलांकडून बीटा थॅलेसेमिया. मुलीला सिकल बीटा थॅलेसेमिया आहे हे इथे ठरलं. वडिलांमध्ये एस नसल्यानं एसएस बाद झालं. उरला प्रश्न बीटा शून्य की प्लस. दरम्यान मुलीला पुन्हा रक्त लागलं नाही हे नशीब; लागलं असतं तर चार महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती.

चार महिन्यांनंतरचा नमुना: हिमोग्लोबिन ८.१, एमसीव्ही ६६, एमसीएच २०.५. एफ २०.८, ए० ३.४, ए२ ५.१, एस ६८.४. पहिल्या आलेखातला १५.६ टक्के एफ मुलीच्या ७० टक्के रक्तातला होता असं धरलं तर तिच्या स्वतःच्या रक्तात तो २२ येत होता. आता प्रत्यक्षात २०.८. अंदाज बऱ्यापैकी जागेवर होता.

हा ३.४ टक्के ए० पाहून पुन्हा 'प्लस' लिहायचा मोह होतो. भाराचा मुद्दा इथे कामी येतो. साखर चिकटलेला एस आपला थोडा धन भार गमावतो, रेझिनवरून लवकर सुटतो आणि ए० च्या खिडकीत येऊन पडतो. एसएस रुग्णांतही तिथे दोन-तीन टक्के दिसतात. म्हणून पाचच्या खालचा ए० एचपीएलसीवर एकट्यानं सिद्ध होत नाही. दुसरी पद्धत लावावीच लागते.

तोच नमुना सेल्युलोज ॲसिटेटवर चालवला. धुतलेल्या पॅक्ड पेशी २० मायक्रोलिटर आणि पेशी फोडणारं द्रावण १५० मायक्रोलिटर. ट्रिस-ईडीटीए-बोरेट बफर, ३५० व्होल्टवर २५ मिनिटं. शेजारच्या पट्ट्यांत ए, एफ, एस, सी असलेला नियंत्रक. पॉन्सो एस रंगानं रंगवल्यावर एसची जाड पट्टी, तिच्या पुढे एफची पट्टी आणि मागे ए२ ची पुसट रेघ दिसली. ए च्या जागी काही नव्हतं. एवढ्यावर थांबायचं नाही, कारण २० टक्के एफची पट्टी ए च्या इतकी लगत असते की तीन टक्के ए तिच्या कडेत हरवू शकतो. सायट्रेट अगारवर, पीएच ६.२ ला, एफ आणि ए ची जागा लांब असते. तिथेही ए ची पट्टी नव्हती. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसची सोय असलेल्या मोठ्या केंद्रात नमुना पाठवला, तर हेच एका फेरीत कळतं आणि एस असतानाचा ए२ ही अधिक खरा मिळतो.

पक्कं उत्तर वडिलांच्या डीएनएतून आलं: बीटा जनुकातल्या आयव्हीएस १-१ या ठिकाणी जी च्या जागी टी. या बदलानं त्या जनुकातून बीटा साखळी मुळीच तयार होत नाही, म्हणजे बीटा शून्य. तोच बदल आयव्हीएस १-५, जी च्या जागी सी, असा निघाला असता, आणि भारतात तोच सर्वाधिक आढळतो, तर ते जनुक थोडीशी बीटा साखळी बनवतं. मग तेवढाच तीन-चार टक्के ए खराखुरा ठरला असता. आजाराच्या तीव्रतेत या दोहोंत रुग्णाला फारसा फरक जाणवत नाही, दोन्ही एसएसच्याच पंगतीतले. पण पुढच्या गरोदरपणात गर्भाचं निदान करायचं तर दोन्ही बदल नेमके माहीत असावेच लागतात.

मुलीच्या कार्डावर 'एएस वाहक' खोडून 'सिकल बीटा शून्य थॅलेसेमिया' लिहिलं गेलं आणि हायड्रॉक्सियुरिया किलोमागे १० मिलिग्रॅमनं सुरू झालं, ठरावीक काळानं सीबीसी पाहण्याच्या अटीवर. आईला प्लीहा बोटांनी चाचपायला शिकवलं. ती अचानक वाढली आणि मूल पांढरं पडलं तर उशीर न करता रुग्णालय गाठायचं, कारण सिकल थॅलेसेमियात प्लीहा मोठेपणीही टिकून राहते आणि रक्त एकाएकी तिच्यात साठू शकतं. मुलीला दीड वर्षाचा भाऊ आहे. त्याची सोल्युबिलिटी न करता थेट सीबीसी आणि एचपीएलसी करायला सांगितलं. सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी तो वडिलांसारखाच थॅलेसेमिया वाहक असू शकतो. वडिलांच्या दोन भावांनाही तेच सांगितलं. त्यातल्या धाकट्याचं लग्न ठरलंय, आणि नवरीकडच्यांनी 'सिकल निगेटिव्ह'चा दाखला मागून घेतलेला आहे.